किती फूट, अण्णा, पाणी?

पत्र

सर, मी सांगलीत पाटबंधारे खात्याच्या एका कार्यालयात लिपिक आहे. आमचे वरिष्ठ लिपिक अण्णा 31 मेला निवृत्त होत आहेत. निरोपसमारंभात वाचायला कविता लिहायचं काम माझ्यावर आलंय, कारण शाळेत मी कविता करायचे हे कुणाला तरी आठवलं. साहेब म्हणाले, "थोडी हसवणारी कर, रडारड नको." अण्णांच्या घरचेही येणार आहेत. मी सुरुवात अशी केली:

आज दिवस दुःखाचा, अण्णा चालले सोडून,
पोकळी ही भरेल का, डोळे येतात भरून.

हे वाचून माझे मिस्टर म्हणाले, "अगं, माणूस जिवंत आहे ना?" तेव्हापासून पेन पुढे सरकत नाही. आमच्यात कुणी कवी नाही. काय करू?

— एक लिपिक, सांगली

उत्तर

ताई, तुमच्या मिस्टरांचा कान तयार आहे. निरोपाची कविता पारखायची एक साधी खूण सांगतो. लिहिलेल्या ओळी हार घातलेल्या फोटोखाली छापल्या तर शोभतील का, हे बघायचं. शोभत असतील तर त्या बदलायच्या. "पोकळी", "सोडून चालले", "आठवणी उरल्या" हे सगळे शब्द श्रद्धांजलीच्या जाहिरातींमध्ये इतके वापरून झालेत की ऐकणाऱ्याच्या मनात आधी तेच चित्र उभं राहतं. अण्णा तर पेन्शनची कागदपत्रं घेऊन पुढच्याच आठवड्यात परत तुमच्याच टेबलाशी येणार आहेत.

पण त्या चार तुकड्यांत एक गोष्ट फार चांगली झालीये, आणि ती तुमच्या लक्षातही आलेली नसावी. मोजून बघा: आ-ज-दि-व-स-दुः-खा-चा, आठ. अ-ण्णा-चा-ल-ले-सो-डू-न, आठ. पुढचे दोन्हीही आठच. मोजमाप न करता तुम्ही अष्टाक्षरी लिहिलीत, म्हणजे लय तुमच्या कानात आहे. ती सोडू नका. समारंभ म्हणून कुणी भुजंगप्रयातासारखं वृत्त घ्यायला सांगेल, पण तिथे प्रत्येक जागी लघु की गुरू हे ठरलेलं असतं आणि नवखा माणूस ते बसवताना शब्दांचे हातपाय पिरगाळतो. अष्टाक्षरीत फक्त अक्षरं मोजायची. जोडाक्षर एकच धरायचं, अनुस्वार-विसर्ग वेगळे मोजायचे नाहीत, आणि जमेल तिथे चार अक्षरांनंतर शब्द संपेल असं बघायचं. म्हणजे वाचताना श्वास आपोआप योग्य जागी पडतो.

आता मजकूर. तुमच्या पत्रात अण्णा जवळजवळ नव्हतेच, म्हणून परवा मी तुम्हाला फोन केला आणि अर्धा तास खोदखोदून विचारलं. "अण्णा कसे आहेत" हा प्रश्न मी मुद्दाम टाळला. त्याला "मनमिळाऊ, कष्टाळू, हसतमुख" हेच उत्तर येतं आणि त्यातून आजवर कुणाची कविता झालेली नाही. मी विचारलं ते असं: अण्णा रजेवर असले की सगळ्यात आधी काय अडतं? लोक त्यांना दिवसातून दहादा काय विचारतात? त्यांच्याबद्दलचा कुठला किस्सा नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात ऐकवला जातो? हे तीन प्रश्न अजून दोघातिघांना विचारा, त्यातला एक शिपाई असू द्या. जे दोघांच्या तोंडून येईल ते घ्यायचं.

तुम्ही सांगितलंत की दर पावसाळ्यात पूर नियंत्रण कक्षाच्या टेलिफोनवर अण्णाच असतात, आणि जून ते सप्टेंबर सगळी सांगली त्यांना कृष्णेवरच्या आयर्विन पुलाबद्दल एकच प्रश्न विचारते: आयर्विनला पाणी किती फूट? हे तुम्ही जाता जाता सांगितलंत, कारण तुमच्यासाठी ते रोजचं आहे. मी मात्र तिथेच पेन खाली ठेवलं. 40 फुटांना इशारा आणि 45 ला धोका हे आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात, त्यामुळे हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. शिवाय तो प्रश्न जसाच्या तसा अष्टाक्षरीत बसतो:

किती फूट, अण्णा, पाणी?

कि-ती-फू-ट, चार. अ-ण्णा-पा-णी, चार. हे तुमचं पालुपद. प्रत्येक कडव्याची चौथी ओळ हीच ठेवायची. याचे दोन फायदे आहेत. पहिला, दर कडव्यातल्या तीनच ओळी लिहाव्या लागतात आणि यमक फक्त दुसऱ्या ओळीला हवं. "पाणी"शी जुळणारे शब्द मराठीत भरपूर आहेत: कहाणी, गाणी, वाणी, गाऱ्हाणी, निशाणी, चहापाणी. दुसरा फायदा मोठा आहे. दुसऱ्या कडव्यापासून सभागृह ती ओळ तुमच्याबरोबर म्हणायला लागतं आणि कविता एकट्या तुमची राहत नाही.

पालुपदाला एक अट असते. तिसऱ्या ओळीतून ते स्वाभाविकपणे आलं पाहिजे, नुसतं चिकटवलेलं चालत नाही. तुम्ही सांगितलेला फाईलचा किस्सा मी बसवून पाहिला. "डावीकडे, खाली बघ" म्हणत अण्णा खुर्चीतून न उठता वीस वर्षांपूर्वीचा बस्ता सांगतात, तो. कडवं झालं असं:

"डावीकडे, खाली बघ,"
हीच त्यांची वेदवाणी;
तेवढ्यात फोन वाजे —
किती फूट, अण्णा, पाणी?

अक्षरं बरोबर आहेत, यमक आहे, तरी हे कडवं मी काढलं. "तेवढ्यात फोन वाजे" ही ओळ फक्त पालुपदापर्यंत पोचायला टाकलेली फळी आहे. आणि फाईल कुठे आहे हे सांगणारा एक माणूस प्रत्येक सरकारी कार्यालयात असतो. अण्णांच्या जागी दुसरं नाव घातलं तरी चालतंय, म्हणजे ते अण्णांचं नाही.

लेकीच्या लग्नाचा किस्सा मात्र दुसऱ्या कुणाचा असूच शकत नाही. जूनअखेरीचं लग्न, मंगलाष्टकं चाललेली, हातात अक्षता, आणि खिशातला मोबाईल वाजल्यावर अण्णांनी तो उचलून "सतरा फूट, काळजी करू नका" म्हणत परत ठेवला. तुम्ही लिहून पाठवलेली ओळ होती, "लेकीच्या लग्नातसुद्धा अण्णांनी फोन उचलला". यात किस्सा सांगून संपतो, हसू येत नाही. प्रसंग नुसता उभा करा आणि प्रश्न पालुपदाला विचारू द्या. आधी मांडव, मग गाणी, मग अक्षतांची मूठ, आणि प्रश्न चौथ्या ओळीत. हसू त्या चौथ्या ओळीवर येईल, त्याआधी ते फुटता कामा नये.

आता तुम्ही पाठवलेल्या विनोदांबद्दल, कारण तिथे मला काळजी वाटली. टकलाची ओळ काढा. चहाचीही काढा. अण्णा सगळ्यांसमोर "बिनसाखरेचा" म्हणतात आणि ड्रॉवरमधून जिलेबी खातात, हे तुम्हा लोकांमध्ये गोड आहे, पण पहिल्या रांगेत वहिनी बसलेल्या असतील. त्या रोज सकाळी त्यांची गोळी काढून देत असतील. ऑफिस हसेल, वहिनींचा चेहरा उतरेल, अण्णांना हसणाऱ्यांकडे बघावं की बायकोकडे, ते कळणार नाही, आणि जी संध्याकाळ त्यांची होती ती सावरण्यात जाईल. माझा नियम असा आहे की माणूस स्वतःबद्दल जो विनोद स्वतः चारचौघांत सांगतो तेवढाच आपण उचलायचा. लग्नाचा किस्सा अण्णा स्वतः सांगतात, असं तुम्ही म्हणालात. जिलेबीचा सांगत नाहीत.

हे मी पुस्तकातून शिकलेलो नाही. मी शिक्षक होतो. एका शाळेत निरोपाच्या वेळी एका सहकाऱ्याच्या उशिरा येण्यावर मी चार ओळी वाचल्या. सगळे हसले, तेही हसले. काही महिन्यांनी कळलं की ती सगळी वर्षं ते अंथरुणाला खिळलेल्या आईचं आवरून शाळेत येत होते. ओळी परत घेता येत नाहीत. तेव्हापासून कुणाच्या सवयीवर लिहायचं असेल तर मी आधी घरच्या एका माणसाला विचारतो.

तुम्हीही वहिनींना एक फोन करा. एका कडव्यासाठी तो करावाच लागेल. 2019 च्या ऑगस्टमध्ये अण्णांच्या स्वतःच्या घरात कमरेएवढं पाणी होतं आणि ते नियंत्रण कक्षात फोन घेत बसले होते, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा आपण दोघंही थोडा वेळ गप्प झालो. त्या वेळी आयर्विनला पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. या जिल्ह्याने त्या दिवसांत माणसं गमावली आहेत. सभागृहात बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांच्या घरात चिखल शिरला असेल. म्हणून त्या पुरावर विनोद नाही, यमकाची कसरत नाही, विशेषणं नाहीत. पण तो प्रसंग वगळायचाही नाही. आधीच्या तीन कडव्यांत जो प्रश्न हसत विचारला तोच इथे भीतीने विचारला गेला होता, आणि शब्द तेच ठेवले तर हे आपोआप ऐकू येतं. वेगळं काही सांगायची गरज पडत नाही. वहिनी "नको" म्हणाल्या तर कडवं काढा, कविता चार कडव्यांची होईल आणि तरीही उभी राहील. फक्त शेवटच्या कडव्यातला "तीच" मग निराधार होईल, तिथे "ओळखीची एक वाणी" करा.

सुरुवात जन्मतारखेने करू. आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी 1 जून लिहिलेली एक अख्खी पिढी आहे, आणि महिन्याच्या 1 तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून 31 मेला कार्यालयं रिकामी होतात. अण्णा त्यातलेच, आणि "माझा वाढदिवस गुरुजींना माहीत" हे ते स्वतःच म्हणतात. त्यात योग असा की नियंत्रण कक्ष सुरू होतो तोही 1 जूनलाच. पाऊस, वाढदिवस आणि निवृत्ती एकाच दाराशी उभे आहेत.

शेवट तुम्ही स्वतःच मला दिलात. फोन ठेवता ठेवता म्हणालात, "आणि आता त्या टेलिफोनवर मला बसवणार आहेत." मग शेवटच्या ओळीतला एकच शब्द बदलू. पाच कडव्यांत तुम्ही एवढंच बदलायचं आहे, म्हणून तो बदल लगेच लागेल. निरोपाच्या कवितेत "सुखी राहा, निरोगी राहा" अशा शुभेच्छांचं कडवं लागतंच असं नाही. ते काम साहेबांचं भाषण करील.

सगळं एकत्र असं होतं:

एक जून जन्म यांचा,
गुरुजींची ही कहाणी;
पावसाच्या आधी आले —
किती फूट, अण्णा, पाणी?

मांडवात फोन आला,
मंगलाष्टकांची गाणी;
अक्षतांची मूठ हाती —
किती फूट, अण्णा, पाणी?

शेतकरी आणी दारी
पाटपाण्याची गाऱ्हाणी;
चहा घेता तोही पुसे —
किती फूट, अण्णा, पाणी?

घरी पाणी कमरेला,
फोनवरी शांत वाणी;
एकोणीस साल, रात्र —
किती फूट, अण्णा, पाणी?

उद्या फोन मी घेईन,
तीच शांत, तीच वाणी
विचारेल घरातून —
"किती फूट, पोरी, पाणी?"

हे तुमचं करून घ्या. एखादा शब्द तुमच्या तोंडी बसत नसेल तर बदला. "पुसे" कानाला जुना वाटत असेल तर "चहा घेत विचारतो" म्हणा, अक्षरं आठच भरतात. मात्र बदललेली ओळ कागदावर मोजून थांबू नका, टाळी वाजवत मोठ्याने म्हणून बघा. कागदावरची मोजणी आणि जिभेची मोजणी कधीकधी पटत नाही. "फाईल" कागदावर तीन अक्षरं आहेत पण बोलताना ती दोनच ऐकू येतात, आणि मग ओळ लंगडते. उलट "फूट"मधला ट आपण जवळजवळ गिळतो, पण फू लांब असल्यामुळे लय भरून निघते. दोघांत भांडण झालं तर जिभेचं ऐका.

वाचनाबद्दल थोडं सांगतो, कारण चांगल्या कविता मी माईकपाशी पडलेल्या पाहिल्या आहेत. वीस ओळी आहेत, सलग वाचल्या तर मिनिटात संपतील, आणि घाबरलेला माणूस त्या तशाच संपवतो. थांबे धरून दोन ते अडीच मिनिटं लागली पाहिजेत. प्रत्येक तिसऱ्या ओळीनंतर जी आडवी रेघ आहे तिथे एक पूर्ण श्वास घ्या. हसू आलं तर ते ओसरायला लागेपर्यंत पुढचं कडवं सुरू करू नका, नाहीतर लोक ऐकण्यासाठी हसू दाबतात आणि दुसऱ्यांदा हसत नाहीत. तुम्ही स्वतः आधी हसू नका. मागच्या रांगेतल्या दोन सहकाऱ्यांना आधीच सांगून ठेवा की दुसऱ्या कडव्याला पालुपद मोठ्याने उचलायचं. ते दोघं म्हणाले की बाकीचे म्हणतातच.

चौथ्या कडव्याला मात्र लोकांनी म्हणता कामा नये. त्यासाठी तिसरं कडवं झाल्यावर नेहमीपेक्षा जास्त थांबा, आवाज खाली आणा, माईकच्या थोडं जवळ या. "एकोणीस साल, रात्र" ही ओळ ऐकल्यावर सांगलीतलं कुणी तोंड उघडणार नाही. पालुपद एकट्या तुम्ही म्हणा, प्रश्न विचारल्यासारखं, हळू. त्यानंतर टाळ्या पडू लागल्या तर पडू द्या, नाही पडल्या तरी बिचकू नका.

कागद एकच ठेवा, अक्षर मोठं, एकाच बाजूला, म्हणजे मधेच उलटावा लागणार नाही. मोबाईलवरून वाचू नका. त्या दिवशी त्या मोबाईलवर कुणाचा तरी फोन येणारच. कार्यक्रमात जागा मागून घ्या: शाल-श्रीफळ झाल्यावर आणि अण्णांच्या मनोगताच्या आधी. मनोगतानंतर वाचलीत तर माणूस मोकळा होऊन बसलेला असतो आणि बाकीच्यांचं लक्ष नाश्त्याच्या ताटल्यांकडे गेलेलं असतं. उभं राहताना साहेबांकडे तोंड करून उभं राहू नका, अण्णा दिसतील असं उभं राहा.

शेवटची ओळ कागदात न बघता म्हणा. आणि 31 तारखेला सकाळी आयर्विनची पातळी बघून ठेवा. अण्णांना मी ओळखत नाही, पण तुम्ही जे सांगितलंत त्यावरून वाटतं की ती ओळ ऐकून ते जागेवरूनच खरोखर आकडा विचारतील, आणि तेव्हा तो तुमच्याकडे असायला हवा.